कर्जफेडीचा परतावा

घराचं कर्ज चालू आहे आणि हातात एकदम पाच लाख रुपये आले, तर घरात दोन पक्ष पडतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, आधी डोक्यावरचं कर्ज उतरवा. ऑफिसातला सहकारी किंवा म्युच्युअल फंडाचा एजंट म्हणतो, गृहकर्जाइतकं स्वस्त कर्ज दुसरं नाही, ते चालू द्या आणि पैसे बाजारात लावा. दोघंही ठामपणे बोलतात, पण कागद-पेन्सिल घेऊन सहसा कुणीच बसत नाही. बसलं तर लक्षात येतं की ‘फेडायचं की गुंतवायचं’ हा प्रश्नच थोडा चुकीचा आहे. कर्ज फेडणं हीसुद्धा एक गुंतवणूकच आहे. तिला परतावा आहे, तो ठरलेला आहे आणि त्यावर कर नाही. मग विचारायचं एवढंच की दुसरीकडे किती टक्के मिळाले, तर कर भरल्यानंतर हातात तेवढंच उरेल.

एक उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत धरून चालू. चाळीस लाखांचं गृहकर्ज, वीस वर्षांची मुदत, साडेआठ टक्के व्याज. महिन्याचा हप्ता ३४,७१३ रुपये. पाच वर्षं हप्ते नेमाने भरले, म्हणजे जवळजवळ २१ लाख रुपये बँकेत गेले, तरी मुद्दल अजून ३५ लाख २५ हजार शिल्लक आहे. हा आकडा पहिल्यांदा बघणाऱ्याला धक्का बसतो. पण सुरुवातीला मुद्दल मोठं, म्हणून व्याज मोठं आणि हप्त्यातला मोठा वाटा त्या व्याजातच जातो, एवढाच त्याचा अर्थ. अजून पंधरा वर्षं उरली आहेत आणि आता पाच लाख हातात आले आहेत.

समजा ते कर्जखात्यात भरले. हप्ता तोच ठेवला, तर उरलेले १८० हप्ते कमी होऊन १३६ होतात. शेवटचे ४४ हप्ते, म्हणजे सुमारे सव्वापंधरा लाख रुपये, द्यावे लागत नाहीत. त्यासाठी भरलेले पाच लाख वजा केले, तर सव्वादहा लाखांचं व्याज वाचलं. ‘पाच लाख भरा, दहा लाख वाचवा’ असे संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात ते याच हिशेबातून. हिशेब खोटा नाही, पण अर्धाच आहे. ते सव्वापंधरा लाख आज हातात येत नाहीत. पहिली सव्वाअकरा वर्षं काहीच वाचत नाही, मग शेवटच्या पावणेचार वर्षांत दरमहा एकेक हप्ता वाचत जातो. बारा वर्षांनंतरचा रुपया आणि आजचा रुपया एकाच ओळीत मांडून बेरीज-वजाबाकी केली, की कुठलाही आकडा डोळे दिपवणारा दिसतो.

आता दुसरा अर्धा हिशेब. ते वाचलेले ४४ हप्ते त्या त्या महिन्यात साडेआठ टक्क्यांनीच कुठेतरी ठेवत गेलो, तर मूळ मुदतीच्या शेवटी १७ लाख ८१ हजार जमतात. आणि आजचे पाच लाख साडेआठ टक्क्यांनी, दरमहा चक्रवाढीने, पंधरा वर्षं ठेवले तर? तेही बरोबर १७ लाख ८१ हजारच होतात. यात जादू काहीच नाही. कर्जफेडीचा परतावा म्हणजे कर्जाचा व्याजदर, एक पै जास्त नाही, एक पै कमी नाही. फक्त बँक व्याज दरमहा लावते, म्हणून साडेआठ टक्क्यांचा वर्षाचा खरा दर ८.८४ टक्के पडतो. पुढच्या सगळ्या तुलनेत हाच ८.८४ लक्षात ठेवायचा.

याच हिशेबाने दोन समजुतींचा निकाल लागतो. पहिली अशी की मुदत कमी केली तरच फायदा, हप्ता कमी करून काही हाती लागत नाही. आपल्या उदाहरणात मुदत तीच ठेवून हप्ता कमी करून घेतला, तर तो साधारण २९,७९० वर येतो, म्हणजे दरमहा ४,९२४ रुपयांनी उतरतो, आणि एकूण व्याज फक्त ३ लाख ८६ हजार वाचलेलं दिसतं. सव्वादहा लाखांपुढे हे फारच किरकोळ वाटतं. पण या दुसऱ्या वाटेने पैसे पहिल्याच महिन्यापासून परत मिळू लागतात. ते ४,९२४ रुपये दरमहा साडेआठ टक्क्यांनी गुंतवत गेलो, तर पंधरा वर्षांनी तेच १७ लाख ८१ हजार होतात. दोन्ही वाटांचा दर एकच आहे. फरक पडतो तो माणसाच्या सवयीमुळे. हप्ता उतरला की ते पाच हजार बहुतेक घरांत किराण्यात आणि हॉटेलात विरघळून जातात. मुदत कमी केली की ते बँक आपल्या वतीने सक्तीने भरून घेते.

दुसरी समजूत अशी की कर्जाच्या शेवटच्या वर्षांत आगाऊ भरण्यात अर्थ नाही, कारण ‘व्याज आधीच देऊन झालेलं असतं’. व्याज आधी कुणी देत नाही. ते दर महिन्याला, त्या महिन्यात शिल्लक असलेल्या मुद्दलावरच लागतं. तिसऱ्या वर्षी भरलेला लाख रुपया वर्षाला साडेआठ टक्के वाचवतो आणि अठराव्या वर्षी भरलेलाही तेवढेच. फक्त अठराव्या वर्षी वाचवायला दोनच वर्षं उरलेली असतात, म्हणून एकूण आकडा लहान दिसतो.

आता पाच लाखांना पर्याय शोधू. सगळ्यात ओळखीचा पर्याय म्हणजे मुदत ठेव. समजा बँक सात टक्के देते. तिमाही चक्रवाढीने वर्षाचे ७.१९ टक्के होतात, म्हणजे पाच लाखांवर पहिल्या वर्षी साधारण ३५,९०० रुपये. हे व्याज पगारात मिळवलं जातं आणि आपल्या सर्वांत वरच्या टप्प्याच्या दराने त्यावर कर लागतो. तीस टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्याला चार टक्के उपकर धरून ३१.२ टक्के कर पडतो. हातात उरतात २४,७०० रुपये, म्हणजे पाच टक्क्यांनाही थोडे कमी. तेच पाच लाख कर्जात भरले असते, तर त्याच वर्षी ४४,२०० रुपये व्याज वाचलं असतं. वाचलेलं व्याज हे उत्पन्न नाही, त्यावर प्राप्तिकर खातं काही मागत नाही. फरक वर्षाला १९,५०० रुपयांचा, आणि तो सुद्धा कसलीही जोखीम न घेता.

बरोबरी साधायला ठेवीवर किती मिळायला हवं, हे काढायची रीत सोपी आहे. कर्जाचा वार्षिक दर घ्यायचा आणि शंभरातून कर गेल्यावर जो भाग उरतो त्याने भागायचं. ३१.२ टक्के कर गेल्यावर रुपयातले ६८.८ पैसे उरतात. ८.८४ भागिले ०.६८८ म्हणजे १२.८५. तीस टक्के टप्प्यातल्या माणसाला ठेवीवर १२.८५ टक्के व्याज मिळालं, तरच कर्ज न फेडण्यात तोटा नाही. वीस टक्के टप्प्यात हा आकडा ११.१६ येतो. उत्पन्न इतकं बेताचं आहे की करच लागत नाही, त्याला ८.८४ पुरे. गृहकर्ज साडेआठ टक्क्यांचं असताना भरवशाची कुठली बँक पावणेतेरा टक्के देणार? कुणी देतो म्हणाला, तर व्याजाची नाही, मुद्दलाची काळजी करायची. महाराष्ट्रात पतसंस्थांमध्ये अडकलेले ठेवीदार कमी नाहीत.

आपल्याकडे असंख्य घरांत गृहकर्ज आणि मोठ्या मुदत ठेवी शेजारी शेजारी चालू असतात. बँकेकडून साडेआठने घ्यायचे आणि त्याच बँकेला सातने द्यायचे, वर त्या सातावर कर भरायचा. अडीअडचणीसाठीचे पैसे सोडले, तर या व्यवस्थेला कुठलंच समर्थन नाही.

करमुक्त पर्यायांत पीपीएफ आहे. एप्रिल २०२० मध्ये त्याचा दर ७.१ टक्के झाला आणि पुढे कित्येक वर्षं तिथेच राहिला. व्याजावर कर नाही, म्हणून भागाकार करायची गरज नाही. ७.१ हे ८.८४ पेक्षा कमी, विषय संपला. शिवाय वर्षाला दीड लाखाच्या वर भरता येत नाही आणि खातं पंधरा वर्षांचं. अटीतटीची लढत फक्त भविष्य निर्वाह निधी देतो. २०२४-२५ साठी त्याचा दर ८.२५ टक्के जाहीर झाला. पगारदार माणूस पगारातून स्वेच्छेने जास्त रक्कम कापून घेऊ शकतो, पण स्वतःचा वाटा वर्षाला अडीच लाखांच्या वर गेला, की वरच्या रकमेच्या व्याजावर कर लागतो. शिवाय हाती आलेले पाच लाख त्यात एकरकमी टाकता येत नाहीत. ज्याचं गृहकर्ज आठ टक्क्यांच्या खाली, समजा ७.९ ला आलं आहे, त्याचा वर्षाचा खरा दर ८.१९ पडतो. दरमहा थोडी शिल्लक टाकणाऱ्या अशा माणसाला निर्वाह निधी केसभर सरस ठरतो. साडेआठवाल्याला नाही.

राहिला शेअर बाजार, म्हणजे सामान्य माणसासाठी इक्विटी म्युच्युअल फंड. इथे कराची रचनाच वेगळी आहे आणि ती गुंतवणूकदाराच्या बाजूने आहे. वर्षभराहून जास्त काळ ठेवलेल्या युनिटवरचा नफा दीर्घकालीन मानला जातो. २३ जुलै २०२४ पासून त्यावर साडेबारा टक्के कर आहे, उपकरासह १३ टक्के. वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा असा नफा करमुक्त. महत्त्वाचं म्हणजे हा कर विकताना एकदाच लागतो. ठेवीच्या व्याजासारखा तो दरवर्षी कापला जात नाही, त्यामुळे कराची रक्कमसुद्धा मधली सगळी वर्षं आपल्यासाठी वाढत राहते.

आपल्या उदाहरणात पंधरा वर्षांनी कर भरून हातात १७ लाख ८१ हजार यायला हवेत. उलटा हिशेब केला, तर कर भरण्यापूर्वीची रक्कम १९ लाख ५४ हजार हवी. पाच लाखांचे पंधरा वर्षांत एवढे व्हायला वर्षाला साडेनऊ टक्के परतावा पुरतो. म्हणजे ठेवीला १२.८५ गाठावे लागत होते, तिथे इक्विटी फंडाला साडेनऊ पुरे. ‘कर्ज साडेआठचं, मग बाजारातून निदान बारा टक्के तरी हवेत’ हे वाक्य सल्लागारांच्या तोंडी सर्रास असतं. पण बारा हा आकडा ठेवीच्या कराचा आहे, बाजाराच्या कराचा नाही. दोन्हींची सरमिसळ झाली, की तुलना बिघडते.

मात्र साडेनऊ टक्के म्हणजे खात्रीचे साडेनऊ नव्हेत. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्सने २१ हजारांचा टप्पा ओलांडला. मार्च २००९ मध्ये तो सव्वाआठ हजारांच्याही खाली होता. पुन्हा २१ हजारांच्या वर जाऊन तिथे टिकायला २०१३ साल उजाडावं लागलं. त्या शिखरावर ज्याने कर्ज न फेडता पैसे लावले, त्याला सहा वर्षं लाभांशापलीकडे काही मिळालं नाही आणि तेवढ्या काळात गृहकर्जाचं व्याज मात्र न चुकता भरावं लागलं. उलट २०१३ च्या अखेरीपासून २०२३ च्या अखेरीपर्यंतच्या दहा वर्षांत सेन्सेक्स सुमारे २१ हजारांवरून ७२ हजारांवर गेला, म्हणजे लाभांश सोडून वर्षाला तेरा टक्के. आणि २००८ च्या शिखरावर शिरून २०२३ अखेर बाहेर पडलेल्याला सोळा वर्षांत लाभांश सोडून साधारण आठ टक्के मिळाले. लाभांश धरला, तर कर वजा जाता तो आपल्या रेषेच्या आसपासच घोटाळतो. सगळ्यात वाईट दिवशी शिरूनही सोळा वर्षांत जेमतेम बरोबरी, असं याकडे बघता येतं. सोळा वर्षं झोप खराब करून जेमतेम बरोबरी, असंही.

इथे मुदतीचा मुद्दा येतो. तीन-चार वर्षांनी मुलीच्या शिक्षणासाठी लागणारे पैसे बाजारात ठेवून ‘मी कर्जापेक्षा जास्त कमावतो’ म्हणणं हा हिशेब नाही, जुगार आहे. दहा वर्षांच्या वर पैशांना हात लावायची गरज नसेल आणि निम्मी किंमत झालेली बघूनही विकायचा मोह होणार नसेल, तरच साडेनऊच्या रेषेला काही अर्थ आहे. स्वतःची परीक्षा घ्यायची असेल, तर मार्च २०२० मध्ये आपण आपल्या फंडांचं काय केलं, ते आठवून पाहावं.

आतापर्यंत एक गोष्ट मी मुद्दाम बाजूला ठेवली होती, ती म्हणजे गृहकर्जाच्या व्याजावर मिळणारी करवजावट. सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे. नव्या करप्रणालीत, जी २०२३-२४ पासून आपोआप लागू होते, स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावर काहीही वजावट नाही. त्यामुळे नवी प्रणाली घेतलेल्यांना वरचं सगळं गणित जसंच्या तसं लागू आहे. ‘कर वाचतो म्हणून कर्ज चालू ठेवलंय’ असं म्हणणारे अनेक जण दोन वर्षांपूर्वीच नव्या प्रणालीत गेलेले असतात. कर वाचत नसतो, फक्त जुनं वाक्य उरलेलं असतं.

जुन्या प्रणालीत राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला दोन लाखांपर्यंत वजावट मिळते. म्हणून लोक म्हणतात, तीस टक्के टप्प्यातल्या माणसाला साडेआठचं कर्ज जेमतेम पावणेसहाला-सहाला पडतं. हे कधी खरं असतं आणि कधी साफ खोटं. खरं-खोटं ठरतं ते शिल्लक मुद्दलावरून.

आपल्या माणसाचं मुद्दल ३५ लाख २५ हजार आहे. पाच लाख भरले नाहीत, तर पुढच्या वर्षी व्याज जाईल सुमारे २ लाख ९५ हजार. पाच लाख भरले, तर २ लाख ५१ हजार. दोन्ही आकडे दोन लाखांच्या वरच आहेत. म्हणजे वजावट दोन्ही वेळा पूर्ण दोन लाखांचीच मिळणार. आगाऊ भरण्याने जे ४४ हजार वाचले, ते दोन लाखांच्या वरच्या व्याजातले होते आणि त्यावर तसाही एक रुपया कर वाचत नव्हता. सरासरीने कर्ज स्वस्त पडत असेल, पण जे पाच लाख आपण फेडतोय ते पाच लाख पूर्ण साडेआठचे आहेत. निर्णय घेताना सरासरी बघायची नसते, आज फेडायच्या शेवटच्या पाच लाखांवर काय पडतं ते बघायचं असतं.

साडेआठ टक्क्यांनी दोन लाख व्याज होतं ते सुमारे साडेतेवीस लाखांच्या मुद्दलावर. मुद्दल याच्या वर असेपर्यंत आगाऊ फेडीने वजावट बुडत नाही. मुद्दल याच्या खाली गेलं, की चित्र पालटतं. आता व्याजाचा प्रत्येक रुपया ३१ पैसे कर वाचवत असतो. वाचवलेल्या व्याजाबरोबर तेवढी वजावटही जाते आणि कर्जफेडीचा खरा परतावा साधारण सहा टक्क्यांवर उतरतो. अशा वेळी पीपीएफचे करमुक्त ७.१ टक्के सरळ जिंकतात. इक्विटी फंडाला पंधरा वर्षांच्या हिशेबाने साडेसहा टक्के पुरतात. गंमत म्हणजे मुदत ठेव इथेही हरते. ठेवीच्या व्याजावर ज्या दराने कर लागतो, त्याच दराने कर्जाच्या व्याजावर तो वाचतो. दोन्हीकडचा कर एकमेकांना कापतो आणि उरतात साडेआठ विरुद्ध सात. ठेव कुठल्याच बाजूने उभी राहत नाही.

आपल्या उदाहरणातला गृहस्थ जुन्या प्रणालीत असेल, तर पाच लाख भरल्यावर साधारण साडेतीन वर्षांनी तो साडेतेवीस लाखांच्या खाली येईल. तिथून पुढे त्याच्या वाचलेल्या व्याजातून वजावटीची गळती सुरू होईल. म्हणजे आजचे पाच लाख भरणं ठीक, पण चार वर्षांनी पुन्हा बोनस आला तर त्याच उत्साहात भरून टाकण्याआधी हिशेब नव्याने करायला हवा. नवरा-बायको दोघं घराचे मालक आणि दोघं कर्जदार असतील, दोघंही कर भरत असतील आणि दोघंही हप्त्यात वाटा उचलत असतील, तर प्रत्येकाला स्वतंत्र दोन लाख मिळतात आणि ही रेषा दुप्पट होऊन ४७ लाखांवर जाते. अशा जोडप्याचं ३५ लाखांचं कर्ज पहिल्यापासूनच पूर्ण वजावटीतलं असतं. एकाच नावावरच्या कर्जाला आणि या जोडप्याच्या कर्जाला सारखा सल्ला देणारा सल्लागार काम टाळतो आहे. मुद्दलाच्या परतफेडीवर दीड लाखाची वजावट आहे तीही जुन्याच प्रणालीत, पण पगारदारांची ती मर्यादा बहुधा निर्वाह निधीनेच भरत आलेली असते. भाड्याने दिलेल्या घराचे नियम मात्र वेगळे आहेत, तिथे नव्या प्रणालीतही भाड्याच्या उत्पन्नातून व्याज वजा करता येतं.

करापलीकडचा एक धोका हिशेबात दिसत नाही, म्हणून तो वेगळा सांगतो. कर्जात भरलेला पैसा परत मागता येत नाही. पाच लाख आगाऊ भरले आणि सहा महिन्यांनी नोकरी गेली, तर बँक असं म्हणत नाही की तुम्ही भरपूर आधीच भरलंय, आता वर्षभर हप्ता नको. मुदत शेवटच्या टोकाने कमी झालेली असते, पुढच्या महिन्याचा हप्ता तसाच उभा राहतो. नोकरी नसलेल्याला टॉप-अप कर्जही मिळत नाही. म्हणून निदान सहा महिन्यांचा घरखर्च आणि तेवढ्याच महिन्यांचे हप्ते हाताशी ठेवल्याशिवाय एक रुपयाही आगाऊ भरू नये. या पैशांवर ठेवीत पाच टक्के उरले तरी चालतील, ते परताव्यासाठी नसतातच. काही बँका ओव्हरड्राफ्टच्या धर्तीवर गृहकर्ज देतात. जास्तीचे पैसे खात्यात पडून राहतात तोवर तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही आणि गरज पडली की ते काढता येतात. दर थोडा जास्त असतो, पण उत्पन्न कमी-जास्त होणाऱ्या डॉक्टर-व्यापाऱ्यांना ही सोय त्या जास्तीच्या दराच्या मोलाची असते.

शिवाय दर स्थिर नसतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहावर गेला आणि रेपोशी जोडलेली गृहकर्जं त्याच्यासोबत चढली. बहुतेक बँकांनी हप्ता तोच ठेवून मुदत लांबवली. वीस वर्षांचं कर्ज पंचविसाच्या पुढे गेल्याचं अनेकांना खूप उशिरा कळलं. त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं, की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की काही रक्कम भरायची, हे कर्जदाराला निवडू द्या. २०२५ मध्ये रेपो पुन्हा खाली आला. दर एक टक्का उतरला की बरोबरीची रेषाही उतरते, म्हणून हा हिशेब एकदा करून विसरायचा नाही. आणि फेडण्याआधी आपला दर बघायचा. जुनं कर्ज जुन्या पद्धतीच्या दरावर राहिलं असेल, तर थोडी फी भरून नव्या दरावर घेणं हा पाच लाख भरण्याआधी करायचा उद्योग आहे.

माझं मत विचाराल तर असं. नव्या करप्रणालीतल्या आणि साडेआठच्या आसपास कर्ज असलेल्या माणसाने अडचणीसाठीचा निधी सोडून बाकीच्या ठेवी मोडून कर्जात भराव्यात, यात दुमत व्हायचं कारण नाही. ठेव की इक्विटी हा त्यानंतरचा प्रश्न. पस्तिशीतला, पक्क्या नोकरीतला आणि २०२० मध्ये न घाबरलेला माणूस दरमहाची शिल्लक इक्विटीत लावत असेल, तर त्याला मी अडवणार नाही, साडेनऊची रेषा दीर्घ मुदतीत फार उंच नाही. पन्नाशी ओलांडलेल्याने मात्र निवृत्तीच्या आत कर्ज संपेल एवढं आधी बघावं. जुन्या प्रणालीत राहिलेल्या आणि मुद्दल साडेतेवीस लाखांच्या खाली आलेल्याने घाईने कर्ज फेडू नये.

फेडायचं ठरलंच, तर बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर आगाऊ फेडीचा दंड लावायला रिझर्व्ह बँकेची बंदी आहे. स्थिर दराच्या कर्जावर तो असू शकतो, करारपत्र पाहा. रक्कम भरताना ती मुद्दलात जमा करा आणि मुदत कमी करा, असं लेखी द्या. नाही तर कधी कधी ती पुढच्या हप्त्यांपोटी आगाऊ म्हणून पडून राहते आणि व्याज पूर्ण मुद्दलावरच चालू राहतं. आठवड्याभराने कर्जखात्याचा उतारा आणि परतफेडीचा नवा तक्ता मागून घ्या. मुद्दल पाच लाखांनी कमी झालेलं आणि शेवटच्या हप्त्याची तारीख अलीकडे आलेली त्यात दिसली पाहिजे. दिसली नाही, तर पुढच्या हप्त्याची वाट न बघता शाखेत लेखी तक्रार द्या.